मिठाला दिलेली मूठमाती

रमाकांत चिंदरकरला आमच्या परळच्या चाळीत तोंडावर सगळे भाऊ म्हणायचे आणि पाठीमागे 'मेली गाडी'. तो महापालिकेच्या मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीवर होता. पावसात हिंदमाता नाक्यावर तुंबणाऱ्या पाण्यात फुगून वर आलेले उंदीर, पुलाखाली गाडीखाली आलेलं कुत्रं, एखाद्या गोठ्यातली म्हैस, कोणाच्या तरी गच्चीत मरून पडलेली घार, सगळं त्याच्याकडे. आपण नाकाला पदर लावून पलीकडच्या फुटपाथने जातो आणि दुपारी बघतो तर तिथे काही नसतं, फक्त ब्लीचिंग पावडरचा पांढरा डाग. तो डाग म्हणजे रमाकांत येऊन गेला.

माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा, म्हणून मला तो भावजी. मी हिंदमाताच्या दुकानांसाठी ब्लाउज शिवते, मशीन गॅलरीत दाराशीच असतं, त्यामुळे चाळीत कोण आलं, कोण गेलं, कोण कोणाशी बोलत नाही हे मला विचारावं लागत नाही. कामावरून आला की तो थेट वर येत नसे. डेपोत आंघोळ करूनच निघायचा, तरी खाली नळावर हातपाय कोपरापर्यंत, गुडघ्यापर्यंत साबण लावून पुन्हा धुवायचा. गमबूट आणि हातमोजे तर डेपोच्या बाहेर कधी आणलेच नाहीत. आणि एवढं करूनही आमच्या बायका त्याच्या हातची बादली घ्यायला कां कूं करायच्या. माझं डोकंच फिरायचं. यांच्या मोरीत उंदीर मेला की बोंब कोणाच्या नावाने? "रमाकांतभाऊ!" त्याने कागदात धरून उचलला, जागेवर पावडर मारली, वर "उघड्या पायाने पाण्यात फिरू नका, पायाला भेग असेल तर ताप येईल, लेप्टो" असं चारदा बजावलं, की पुन्हा तो मेली गाडी.

लग्न जमलं नाही त्याचं. मुलीकडचे यायचे, नोकरी परमनंट आहे ऐकून खूश व्हायचे, आणि नोकरी कसली ते कळलं की चहा थंड व्हायच्या आत उठायचे. पुढे पुढे त्याने तो नाद सोडला.

चाळीत त्याला मनापासून मानणारं एकच माणूस होतं, तळमजल्यावरची बेबी मयेकर. आम्हा सगळ्यांची बेबीमावशी. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर कुठे कुठे वॉचमनची कामं करत राहिला. तसल्याच एका कामावरून त्याने एक पिल्लू आणलं, खाकी रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव ठेवलं कप्तान. मयेकर वारले आणि मागे मावशी आणि कप्तान एवढंच घर राहिलं. मूलबाळ नव्हतं. मावशी त्याच्याशी मालवणीत भांडायची, तो ऐकून घ्यायचा. संध्याकाळी ती दारात उभी राहून नुसतं "चल" म्हणाली की तो कॉटखालून निघून तिच्या मागोमाग नाक्यापर्यंत जायचा आणि यायचा. साखळी गळ्यात असायची पण ती कधी कोणी हातात धरलेली मी पाहिली नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी म्हातारपणाने तो गेला. भर दुपारी, मावशीच्या पायाशी.

आता आमच्यासारख्यांनी गाडीला फोन केला असता. पण मावशीला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की गाडीतली जनावरं प्लांटवर जातात, तिथे त्यांना मोठ्या कुकरमध्ये शिजवतात आणि चरबी काढतात. खोटं नव्हतं ते. रमाकांतनेच मला एकदा समजावलं होतं. आधी बारीक करायचं, मग बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली इतकं तापवायचं की रोगाचं बीजसुद्धा शिल्लक राहू नये, मग चरबी वेगळी आणि राहिलेला कोरडा भुगा वेगळा. चरबी कारखान्यात जाते, माणसाच्या खाण्यात नाही. शहरात एवढ्या जनावरांना पुरायला जमीन कुठे आहे, असं तो म्हणायचा. पण मावशीपुढे हे कोण बोलणार? ती रमाकांतच्या पायाशीच बसली.

"माझ्या कप्तानाक शिजवूक देऊ नको रे मेल्या. तुझ्या हाताने मूठमाती दे."

मागच्या अंगणात, जुन्या चाफ्याच्या बुंध्याशी, तिने जागासुद्धा ठरवली. वाण्याकडून खडेमिठाचं पोतं आणवलं. तिच्या गावी गोसाव्याला पुरताना मीठ घालतात, मिठाने देह लवकर मातीत जातो, म्हणून. आपली एक जुनी पण धड साडी काढून दिली. बायकांनी पुरायच्या जागी जायचं नाही, म्हणून आम्ही तिला धरून आत बसवलं आणि दार लोटलं. रमाकांत कुदळ घेऊन मागे गेला. बराच वेळ मातीचा आवाज येत होता. मग तो दारात आला, हात पाठीमागे, मान खाली, आणि म्हणाला, "झालं, मावशी."

तेव्हापासून त्या चाफ्याखाली तिन्हीसांजेला पणती लागायला लागली. सोबत एक बिस्कीट. सर्वपित्रीला मयेकरांच्या नावाने पान वाढलं की कुत्र्याचा घास ती तिथे नेऊन ठेवायची, आणि ठेवण्याआधी रमाकांतला बोलावून त्या घासाला हात लावायला लावायची. "मूठमाती तू दिलंस, तेव्हा मान तुझा." तो हात लावायचा. लावताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, याला कुत्र्याचा केवढा लळा! नंतर नंतर तर मावशी सांगायला लागली की कप्तान दुपारचा येतो. गॅलरीच्या लाद्यांवर त्याची नखं वाजतात, टक टक टक, दाराशी थांबतात. आत येत नाही. "येता तसो जाता," म्हणायची. "कित्याक येणा नाय आत, माका कळत नाय." दार उघडं टाकून ती भरदुपारी वाट बघत बसायची. जेवणाकडे लक्ष नाही, झोप नाही. आम्ही हसायचो आणि घरी जाऊन दार लावून घ्यायचो.

मग चाळ पाडायची ठरली. टॉवर येणार, आम्हाला तोपर्यंत संक्रमण शिबिरात खोल्या. एकेक बिऱ्हाड हललं. मावशीची पेटीसुद्धा बांधून झाली, आणि ती हटून बसली. कप्तानाच्या अस्थी काढून द्या, दादरच्या समुद्रात सोडते, मगच किल्ली देते. तिकडे खोल खड्डे पडणार, यंत्र येणार, त्याची हाडं कुठल्या तरी डंपरमध्ये जाणार. बिल्डरचा माणूस वैतागला, पण म्हातारीशी कोण वाद घालणार? काढा म्हणाला. आणि काढणार कोण? ज्याने पुरलं तो.

आदल्या दिवशी रमाकांत माझ्या मशीनशी येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही.

"वहिनी, तिथे काही नाही."

"काय नाही?"

"कप्तान. तिथे मीठ पुरलंय नुसतं."

मी मशीन थांबवलं. तो भिंतीकडे बघत बोलत होता. त्या दुपारी त्याने खणायला घेतलं आणि गुडघ्याएवढाही खड्डा झाला नाही तोच खालून पाणी आलं. आपली सगळी जमीनच भरावाची, खाली पाणीच पाणी. आणि चाफ्यापासून चार पावलांवर चाळीची जमिनीखालची टाकी, जिच्या भिंतीला तडा गेलेला सगळ्यांना माहीत होता. पावसात हिंदमाताचं पाणी आत शिरलं की टाकीतलं आणि बाहेरचं एक व्हायचं. जनावर पुरायचं तर खड्ड्याचा तळ पाण्याच्या बराच वर राहायला हवा, वर माणूसभर माती हवी, आणि पिण्याचं पाणी जवळपास नको. इथे यातलं एकही नव्हतं.

"पोरंबाळं त्या टाकीचं पाणी पितात, वहिनी. मी तिथे कसा ठेवू त्याला?"

त्याने फोन केला तसा त्याचा जोडीदार दौलत गाडी घेऊन मागच्या फाटकाशी आला. दोघांनी कप्तानला गाडीत ठेवलं, खड्ड्यात मिठाचं पोतं टाकलं आणि वर माती ओढली.

"मग त्याच दिवशी सांगायचं होतं तिला!"

"ती दाराआड रडत होती. मी तोंड उघडलं आणि 'झालं' एवढंच बाहेर आलं. मग रोज वाटायचं उद्या सांगू. तिने पणती लावली. मग आणखीच सांगता येईना."

मला त्याचा राग आला आणि राग धरवेना. ज्या टाकीचं पाणी त्याने वाचवलं ते मीच तर भरत होते.

"दौलत म्हणतो दोन हाडं आणून टाक," तो म्हणाला. "पण प्लांटच्या आतलं काही बाहेर आणायचं नाही. हाड काय, बुटाचा चिखलसुद्धा नाही. आणि कोणाची तरी हाडं तिच्या ओंजळीत घालू? नाही होणार माझ्याने."

"मग गप्प राहा," मी म्हटलं. "मिठाने खाल्लं म्हणेल ती. तिचा विश्वासच आहे तसा."

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला, वाईट हसला. "मीठ खातं? वहिनी, तुमच्या बरणीत खारे बांगडे वर्षभर कसे राहतात?"

माझ्या घरात, मावशीच्या घरात, चाळीतल्या प्रत्येक मालवणी घरात ती बरणी आहे. पावसाळाभर आम्ही मिठातले मासे खातो आणि तोंडाने म्हणतो, मिठाने देह गळतो. मेलं, कधी डोक्यात आलं नाही.

जायला वळला आणि दोन पावलांवर थांबला. मागे, गॅलरीत बघत राहिला. कोणी नव्हतं.

"काय हो?"

"काही नाही. प्लांटवर मधे एक भिंत आहे. आम्ही अलीकडच्या बाजूला, मळक्या. तिथे गाडी खाली करायची, धुवायची, औषध मारायचं, परत फिरायचं. पलीकडे साफ बाजू, तिकडे आमचं पाऊल पडता कामा नये, इकडची घाण तिकडे जायची. इतकी वर्षं मी जनावरं त्या भिंतीपर्यंत नेतो. पुढे काय होतं ते ऐकून माहीत आहे, पाहिलेलं नाही. कोणाचं कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र परतताना वाटलं, मागून कोणीतरी येतंय. तेव्हापासून वाटतं. डेपोत, नाक्यावर, जिन्यात. वळलं की नसतं."

मनाला लागलंय म्हणून होतं, असं मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेआधी सगळे मागच्या अंगणात जमले. अर्धी चाळ रिकामी झालेली, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेलेल्या, तरी गेलेले लोक मुद्दाम आले होते. बिल्डरचा माणूस घड्याळ बघत उभा. या वेळी मावशीला कोणी आत बसवलं नाही. ती खड्ड्याच्या काठाशी पाटावर बसली होती, मांडीवर पांढरं कापड आणि तांब्याचं भांडं.

रमाकांतने कामाचे हातमोजे घातले होते, नाकाला फडकं. काहीच नाही हे माहीत असूनही त्याने सगळं रीतसर केलं. लोकांना मागे सरकवलं, माती एका बाजूला ओढली, बाजूला चुन्याची पाटी ठेवली. माणूस रिकाम्या खड्ड्यापुढे एवढा नियम पाळतो, ते कोणासाठी? घावामागून घाव. मग कुदळीला काहीतरी लागलं आणि सगळे पुढे वाकले. पोत्याच्या प्लास्टिकची चिंधी होती. तिच्याखाली करडा चिखल, आणि त्या चिखलात हळूहळू वर येणारं पाणी. बस.

हाड नाही, केस नाही, साडीचा धागा नाही.

कोणीतरी पुटपुटलं, "मिठानं खाल्लं." दुसऱ्याने मान हलवली. बघता बघता सगळ्यांचं तेच झालं, मिठानं खाल्लं, मोकळा झाला, नशीबवान. बरण्या घरी ठेवून आलेली माणसं ही! मावशीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "सगळो गेलो," ती म्हणाली. "मागे काय ठेवल्यान नाय." आणि हात जोडले. मी रमाकांतकडे बघून डोळ्यांनी म्हटलं, गप्प. संपलं. आता काही बोलू नकोस.

गप्प राहिलाही असता तो. पण मावशी पाटावरून खाली उतरली, गुडघ्यांवर बसली, खड्ड्यात हात घातला आणि तो करडा चिखल मूठभर उचलला. पांढऱ्या कापडात ठेवला. त्यावर हात फिरवायला लागली, जसा कुत्र्याच्या डोक्यावरून फिरवतात, कपाळापासून मागे, कानापर्यंत. "चल रे बाबा माझ्या," म्हणाली, "दर्याक जाऊया."

"मावशी, तो चिखल टाक." रमाकांतने तोंडावरचं फडकं काढलं. "त्यात तो नाही. इथे तो कधी नव्हताच. मी त्याला प्लांटवर नेला."

त्याने सगळं सांगितलं, पाणी लागलं ते, टाकी, दौलत, गाडी. लोकांकडे बघून नाही, तिच्याकडे बघून. शेवटी म्हणाला, "मूठमाती मी मिठाला दिली, मावशी. तू एवढी वर्षं मिठापुढे पणती लावलीस."

मला वाटलं ती शिव्या घालेल, छाती पिटेल. चार बायका तिला धरायला पुढेही झाल्या. तिने त्यांना हाताने थोपवलं. कापड मांडीवर तसंच उघडं होतं आणि चिखलाचं पाणी तिच्या साडीत उतरत होतं.

"तिकडे कोण होता त्याच्यावांगडा?" तिने विचारलं.

"मीच होतो. शेवटपर्यंत, भिंतीपर्यंत."

"माझी साडी?"

"काढावी लागली. कापड, लोखंड काही आत घालायचं नसतं. साडी जाळली. साखळी मीच सोडवली गळ्यातली."

"सोडवताना त्याच्याशी काय बोललंस?"

हा कसला प्रश्न, असं सगळ्यांच्याच तोंडावर आलं. रमाकांतसुद्धा गोंधळला. मग हळूच म्हणाला, "बोललो ना. असं कसं न बोलता पाठवणार? डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, चल कप्तान."

"चल म्हणालंस?"

"हो. म्हणजे, जा आता, सुखाने जा, असं."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले, रडते की हसते तेच कळेना.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "चल म्हटल्यावर तो कधी गेलो? चल म्हटलं की तो मागसून येता."

रमाकांतने वळून मागे बघितलं.

"तो भिंतीपलीकडे गेलोच नाय. तुझ्या मागसून घराक इलो. म्हणून दाराशी थांबता नि आत येणा नाय माझ्याकडे. तो माझ्याकडे येतच नव्हतो रे. तुझ्या वांगडा जिन्याकडे जाता, वाटेत माझा दार लागता, म्हणून थांबता. एवढाच." तिने कापडातला चिखल खड्ड्यात ओतला, हात पाण्याने धुतले, पुन्हा धुतले. "तुझो झालो तो. साखळी तू काढलंस, आता आवाज तू ऐक. मी नाय थांबत त्याच्यासाठी."

आणि कमरेची किल्ली काढून तिने बिल्डरच्या माणसाच्या हातात दिली. इतक्या सहज, की घेताना तोच बिचारा ओशाळला.

लोक पांगले. रमाकांतने खड्डा बुजवला, चुना टाकला, हत्यारं धुतली, नळावर बसून हातपाय धुतले, कोपरापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मी मशीनचा सांगाडा खाली न्यायला जिन्यात उभी होते. तो वर येताना दिसला. एकेक पायरी, सावकाश, आणि या वेळी मागे वळून बघत नव्हता. माझ्याजवळून वर गेला, मान खाली.

तो गेल्यावर जिना मोकळाच होता. मला खाली उतरायचं होतं, वेळ झाला होता, टेम्पोवाला खालून ओरडत होता. तरी मी भिंतीला पाठ लावली, साडीच्या निऱ्या आवरून धरल्या, आणि त्याच्या मागून जे येत होतं त्याला आधी वर जाऊ दिलं.